कंबरदुखीसाठी गादी निवडताना: एका घराचं प्रकरण, दोरीच्या मापापासून साठाव्या सकाळपर्यंत

कंबर दुखते म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: कडक गादीवर झोपा, नाहीतर सरळ जमिनीवर. या सल्ल्यामुळे बऱ्याच लोकांचं दुखणं कमरेतून खांद्यात आणि खुब्यात जातं, आणि मग गादीवर गादी बदलत राहावं लागतं. इथे एकाच घराचं उदाहरण शेवटपर्यंत तपासलं आहे. उदाहरण नेहमी दिसणाऱ्या परिस्थितीवरून बेतलेलं आहे आणि त्यातली मापं घरी कुणालाही घेता येतील अशी आहेत.

घर आणि दुखणं

डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर. बाई ५२ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका, वजन ६४ किलो, उंची ५ फूट १ इंच. रात्री बहुतेक वेळ डाव्या कुशीवर झोपतात. यजमानांचं वजन ८६ किलो, ते उताणे झोपतात. पलंग साडेसहा फूट बाय सहा फूट, खाली सामान ठेवायची पेटी असलेला. त्यावर काथ्याची पाच इंची गादी, नऊ वर्षं वापरलेली.

दुखणं चौदा महिन्यांचं. कमरेच्या खालच्या भागात, दोन्ही बाजूंना, पायात न उतरणारं. उठताना सर्वात जास्त, वीसेक मिनिटं घरात हिंडल्यावर बरंच कमी. दिवसभर शाळेत उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा थोडं. गणपतीत पाच दिवस नाशिकला बहिणीकडे राहिल्या, तेव्हा सकाळी कंबर जवळजवळ मोकळी होती. घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गादीवर संशय घ्यायला ही खूण चांगली आहे. झोपून उठल्यावर जास्त, हालचालीने लवकर कमी, आणि दुसऱ्या अंथरुणावर फरक. यातलं एकच काही असेल तर मात्र गादीला दोष देण्याची घाई करू नये. सकाळी कंबर थोडी ताठ असणं तसं स्वाभाविकच आहे. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभरात पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी माणूस रात्रीपेक्षा किंचित उंचही भरतो आणि पहिला तासभर वाकायला कंबर कुरकुरते. असा ताठरपणा कोणत्याही गादीवर थोडाफार राहणार.

काही दुखणी गादीच्या दुकानात न्यायचीच नसतात. पायात जोर कमी होणं, जांघेत किंवा बसायच्या जागेवर बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण वजन घटणं, किंवा कूस बदलूनही न हलणारं रात्रीचं सततचं दुखणं, यांत आधी डॉक्टर. यांतही ताबा सुटणं, बधिरपणा किंवा पायाची शक्ती जाणं हे त्याच दिवशी दवाखाना गाठण्याचं कारण. चाळिशीच्या आत सुरू झालेली, अर्ध्या तासाहून जास्त सकाळचा ताठरपणा असलेली, पहाटे झोपेतून उठवणारी आणि विश्रांतीने नव्हे तर व्यायामाने कमी होणारी कंबरदुखी सांध्यांच्या दाहाची असू शकते. तिचीही आधी तपासणी हवी. या बाईंची तपासणी झाली होती, धोक्याची खूण नव्हती. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि जाता जाता सांगितलं, "कडक गादीवर झोपत जा."

आधी पलंग, मग गादी

बाईंच्या मुलीने पहिलं काम योग्य केलं. नवी गादी शोधण्याआधी जुनी मोजली. चादर काढून गादीच्या दोन्ही कडांवर दोघांनी एक सुतळी ताणून धरली आणि कमरेच्या जागी सुतळीपासून गादीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. बाईंच्या बाजूला ३५ मिलिमीटर. म्हणजे अंगावर काही नसतानाच साडेतीन सेंटिमीटरचा खड्डा. माणूस झोपल्यावर तो आणखी खोल जाणार.

मग गादी बाजूला करून तीच सुतळी प्लायवर धरली. तिथेही १४ मिलिमीटरचा बाक निघाला.

ही दुसरी मोजणी लोक करतच नाहीत, आणि नव्या गादीचे पैसे इथेच वाया जातात. पेटीच्या पलंगाचं झाकण उचलायला हलकं व्हावं म्हणून पातळ प्लाय लावतात. मधे आधार नसतो, आणि कमरेखालचा भाग, म्हणजे अंगातला सर्वात जड भाग, रोज रात्री त्याच जागी पडतो. काही वर्षांत प्लाय वाकतो. त्यावर कितीही भारी गादी टाकली तरी ती त्याच बाकाचा आकार घेणार, आणि महिन्याभरात "नवी गादीपण बसली" अशी तक्रार येणार. लाकडी पट्ट्यांच्या पलंगात हीच गोष्ट दोन पट्ट्यांमधल्या फटीमुळे होते. फट तीन इंचांपेक्षा मोठी असेल तर फोमची गादी तिच्यात उतरते.

सुताराने झाकणाचा प्लाय काढून १८ मिलिमीटरचा बसवला आणि खाली आडव्या दोन लाकडी पट्ट्या ठोकल्या. झाकण जड झालं, ते उचलायला आता दोघं लागतात. पण सुतळीखाली प्लाय सपाट आला. गादी परत टाकल्यावर खड्डा २० मिलिमीटर राहिला, तो गादीचा स्वतःचा.

यानंतर आठ दिवस काहीही न बदलता फक्त नोंद ठेवली. दुरुस्तीच्या आधीच्या आठवड्यात उठतानाचं दुखणं दहापैकी सरासरी ६ होतं. दुरुस्तीनंतर ५ वर आलं. नुसत्या पलंगाचा वाटा किती हे असं वेगळं कळलं. पलंग आणि गादी एकाच दिवशी बदलली असती तर ते कधीच कळलं नसतं.

जमिनीवरच्या दहा रात्री

कडक गादी आणण्याआधी बाईंनी कडकपणाची चाचणी फुकटात करून पाहिली. जमिनीवर सतरंजी, त्यावर दोन गोधड्या. पहिल्या तीन-चार सकाळी बरं वाटलं. कमरेखालचा खड्डा गेला होता, त्याचा हा परिणाम. पाचव्या रात्रीपासून तीनच्या सुमारास जाग येऊ लागली. डावा खांदा ठणकायचा, हाताला मुंग्या यायच्या आणि खुब्याचं हाड दुखायचं. दहाव्या दिवशी कंबर पुन्हा ५ वर.

असं का होतं ते टिकल्या लावून पाहता येतं. अंगाला बसणारा टी-शर्ट घालायचा आणि पाठीच्या कण्यावर चार टिकल्या चिकटवायच्या. एक मानेच्या मुळाशी असलेल्या वर आलेल्या हाडावर, दुसरी खांद्याच्या पात्यांच्या मधोमध, तिसरी बेंबीच्या बरोबर मागे आणि चौथी माकडहाडाच्या जरा वर. मग नेहमीच्या कुशीवर, नेहमीची उशी घेऊन पाच मिनिटं सैल पडून राहायचं. दुसऱ्याने मागून, कॅमेरा गादीच्या पातळीला ठेवून फोटो काढायचा. फोन वरून धरला तर फोटो फसवतो.

जमिनीवरच्या फोटोत तिसरी टिकली बाकी तिघींच्या रेषेखाली दीड बोट लोंबलेली दिसली. कारण साधं आहे. कुशीवर झोपलेल्या बाईच्या अंगात खांदा आणि खुबा हे दोन उंचवटे आणि मधे कमरेचा खळगा असतो. जमीन उंचवट्यांना आत घेत नाही, त्यामुळे कंबर दोन खांबांमधल्या दोरीसारखी अधांतरी लोंबते. जुन्या गादीवरच्या फोटोत उलट चित्र होतं. चौथी टिकली सर्वात खाली, आणि कणा खुब्याकडे उतरत गेलेला. दोन्हीकडे कणा वाकडाच, फक्त दिशा वेगळी.

चांगल्या गादीचं काम या दोन फोटोंमध्ये दिसतं. खांदा आणि खुबा तिने थोडा आत घ्यावा, पण कमरेला खालून आधार द्यावा. चारही टिकल्या एका बोटाच्या फरकात सरळ रेषेत आल्या की कडकपणा त्या माणसाला जुळला.

"कडक" या सल्ल्याची नीट परीक्षाही झालेली आहे. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला. ठोस कारण न सापडलेली जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम-कडक. ९० दिवसांनी अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि रोजच्या कामातली अडचण, तिन्हींत मध्यम-कडकवाल्यांची स्थिती जास्त चांगली निघाली.

आकडा वाचताना एक गफलत होते. त्या अभ्यासात युरोपीय मोजपट्टी होती, तिच्यात १ म्हणजे सर्वात कडक आणि १० म्हणजे सर्वात मऊ. कडक गादी २.३ ची होती, मध्यम-कडक ५.६ ची. आपल्याकडे ऑनलाइन विक्रेते बहुधा उलटी पट्टी वापरतात, १ मऊ आणि १० कडक. त्या पट्टीवर मध्यम-कडक साधारण ६ ते ७ वर येते. शिवाय ही पट्टी प्रत्येक कंपनीची आपापली असते. एकीची ६ दुसरीच्या ८ इतकी कडक लागू शकते. म्हणून आकड्याने दुकानातल्या दहा गाद्यांतून तीन वेगळ्या काढाव्यात, निवड टिकल्यांनी करावी.

एकाच गादीवर दोन वजनं

आता यजमान. ८६ किलोचा माणूस ज्या गादीला मध्यम म्हणेल, ती ६४ किलोच्या बाईला कडक लागते, कारण बाईचं वजन गादीला तितकं दाबतच नाही. झोपण्याची पद्धतही वेगळी. उताण्या माणसाला खांदा रुतायला जागा नको असते. कमरेखालचा भाग खाली न जाणं त्याच्यासाठी महत्त्वाचं. तो गेला की कमरेचा नेहमीचा बाक बिघडतो आणि सकाळी दुखतं. उताण्याची चाचणी हाताने होते. कमरेखाली तळहात सरकवून पाहायचा. तो सहज आरपार गेला तर गादी कडक, घुसवावाच लागला तर मऊ, थोड्या दाबाने शिरून अंगाला लागून राहिला तर ठीक.

दोघांसाठी एक गादी घ्यायची तर कुणाचीतरी कंबर पणाला लागते, आणि बहुतेक घरांत ती बाईची लागते. इथे तोड सोपी होती. ७२ इंच रुंदीची एक गादी न घेता ७८ बाय ३६ इंचांच्या दोन घ्यायच्या, जाडी एकसारखी सहा इंच, आत साहित्य वेगळं. वर एकच मोठं संरक्षक कव्हर आणि एकच चादर. मधली फट जाणवते, पण दोघंही आपापल्या बाजूला झोपणारे असतील तर तिची सवय होते. एकाच्या कूस बदलण्याने दुसरा जागा होत नाही, हा वरचा फायदा. जाडी मात्र दोन्हींची मोजून सारखी हवी. अर्ध्या इंचाचा फरकही रात्री कुशीला टोचतो.

साहित्य: डेन्सिटी आणि कडकपणा या दोन गोष्टी

गादीच्या दुकानात बाईंना ऐकायला मिळालं, "ताई, चाळीस डेन्सिटी आहे, कडकच येणार." हे वाक्य रोज हजार वेळा बोललं जात असेल आणि ते चूक आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. ती जास्त म्हणजे फोममध्ये माल जास्त, म्हणजे सर्वसाधारणपणे तो जास्त वर्षं आकार टिकवतो. कडकपणा हा वेगळा गुण आहे. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊही बनतो आणि कडकही. म्हणून दुकानदाराला दोन वेगळे प्रश्न विचारायचे: प्रत्येक थराची डेन्सिटी किती, आणि प्रत्येक थर किती इंचांचा? "एकूण चाळीस" या उत्तराला अर्थ नाही.

सांगितलेली डेन्सिटी खरी का, हे वजनकाट्यावर कळतं. ७८ बाय ३६ इंच, चार इंच जाड फोमचं आकारमान ०.१८४ घनमीटर. चाळीसने गुणलं की सुमारे ७.४ किलो. खोळ शिवण्याआधी तो तुकडा काट्यावर ठेवायला सांगायचा. सव्वापाच किलो भरला तर तो चाळीसचा नाही, अठ्ठावीसच्या आसपासचा आहे. खोक्यात गुंडाळून येणाऱ्या गादीच्या पेटीवर एकूण वजन छापलेलं असतं, तिथेही थरांचा हिशोब जुळवून बघता येतो, फक्त खोळ आणि पेटीचे दोन-तीन किलो वजा धरावेत.

या घरात काय नाकारलं आणि का, ते पाहू.

काथ्या पुन्हा नको ठरला. काथ्या हवेशीर असतो, उकाड्यात चांगला, आणि सुरुवातीचा आधारही चांगला. पण तो दाबाच्या जागी कायमचा बसतो, आणि बाईंना लागणारी खांद्याची जागा तो देत नाही. कापसाच्या गादीबद्दल सासूबाईंचा आग्रह होता. ताजी पिंजलेली कापसाची गादी खरोखर सुखाची असते, पण कापूस दाबाखाली गाठी धरतो, दमट हवेत आणखीच. दर वर्षा-दोन वर्षांनी पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली तरच ती कमरेच्या कामाची राहते, आणि डोंबिवलीत पिंजारी आता शोधावा लागतो.

पूर्ण मेमरी फोमची गादी बाईंना दुकानात सर्वात आवडली होती. हा फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो, म्हणून एसी असलेल्या दुकानात ती ज्या कडकपणाची लागते तशी मे महिन्यात डोंबिवलीतल्या खोलीत लागत नाही. तिथे ती जास्त रुतते आणि उष्णता धरून ठेवते. शिवाय रुतलेल्या अंगाला कूस बदलायला जोर लावावा लागतो, आणि कंबर दुखणाऱ्याला रात्री नेमका तोच जोर जड जातो. वर एक-दीड इंचाचा थर चालतो, चार इंचांचा नको.

"ऑर्थोपेडिक" असं लिहिलेल्या गाद्यांबद्दल एवढंच सांगायचं की तो शब्द म्हणजे वैद्यकीय दाखला नव्हे. कडक गादीला बाजारात दिलेलं ते नाव आहे. स्वस्तातल्या काही अशा गाद्यांत मधला कडक थर ईपीईचा असतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, कुरकुर वाजणारा फोम. पहिल्या दिवशी तो फळीसारखा लागतो, पण त्यातले हवेचे बंद फुगे वजनाखाली चेपत जातात आणि परत उभे राहत नाहीत. साखळी उघडून आत बघायची सोय असेल तर जरूर बघावं. सोय नसेल तर थरांची नावं बिलावर लिहून घ्यावीत. फोमचे तुकडे दाबून बनवलेला रिबॉन्डेड फोम वेगळा. तो जड आणि टिकाऊ असतो, पण फक्त खालच्या थरासाठी. एकट्यानेच सबंध गादी बनवली तर जमिनीवरच्या दहा रात्री पुन्हा भोगाव्या लागतील.

शेवटी बाईंच्या गादीत खाली चाळीस डेन्सिटीचा चार इंच एचआर फोम आणि वर दोन इंच लेटेक्स. एचआर म्हणजे दाब काढल्यावर झटकन परत उसळणारा फोम. लेटेक्स, म्हणजे रबराचा फोम, खांद्याला आत घेतं, पण कूस बदलताना अंगाला वर ढकलतं, मेमरी फोमसारखं धरून ठेवत नाही. त्याची अडचण म्हणजे वजन. ही एकेरी गादी सोळा किलोंच्या आसपास गेली. सबंध सहा फुटी असती तर बाईंना ती फिरवताच आली नसती. यजमानांच्या गादीत खाली दोन इंच रिबॉन्डेड आणि वर चार इंच एचआर.

परत करण्याच्या अटी, पैसे देण्याआधी

स्थानिक गादीवाला अगदी हेच थर कमी पैशांत शिवून देत होता. तरी बाईंची गादी शंभर रात्रींची मुदत देणाऱ्या विक्रेत्याकडून घेतली. यजमानांची मात्र गादीवाल्याकडून, कारण त्यांची कंबर दुखत नव्हती आणि कडकपणाचा अंदाज सोपा होता. जिथे चूक महाग पडणार तिथे परतीची सोय विकत घ्यायची, हा यातला विचार.

शंभर रात्री म्हणजे काय, हे प्रत्येक विक्रेत्याकडे वेगळं निघतं. मुलीने ग्राहक सेवेला लेखी विचारून उत्तरं जपून ठेवली. मुदत पैसे भरल्यापासून मोजतात की गादी घरी आल्यापासून? किमान किती रात्री झोपल्यावरच परत घेतात? नेण्याचा खर्च कुणाचा, आणि पाचव्या मजल्यावरून खाली कोण उतरवणार? पैसे परत मिळतात की फक्त बदली गादी? सर्वात महत्त्वाचा प्रश्न मापाचा: मागणीनुसार कापलेली गादी परत घेतात का? बहुतेक ठिकाणी नाही. म्हणून पलंगाला बसणारं, विक्रेत्याच्या यादीतलं तयार मापच निवडलं.

डाग हे परत नाकारण्याचं हुकमी कारण. चहाचा एक थेंब, तेल लावलेल्या केसांचा एक ठसा पुरतो. त्यामुळे पाणी न झिरपणारं कव्हर पहिल्या रात्रीपासून घातलं. पण ते पातळ, ताणलं जाणारं हवं. जाड रेक्झीनसारखं कव्हर वरच्या थराला ताणून धरतं आणि मऊ गादीसुद्धा कडक लागते. पेटी आणि बिल जपलं, खोळीवरची चिठ्ठी कापली नाही. जुनी गादीही भंगारात न देता कपाटामागे उभी ठेवली. ती गेली की परत करण्याची हिंमतच जाते, कारण मधल्या रात्री झोपायचं कशावर?

विक्रेत्याने कबूल केलेली अट नंतर नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तेव्हा ही लेखी उत्तरंच कामाला येतात.

साठ सकाळी

गादी उघडून दोन दिवस पंख्याखाली मोकळी ठेवली, पूर्ण फुलण्यासाठी आणि वास जाण्यासाठी. तिसऱ्या रात्रीपासून मोजणी.

वही उशाशी ठेवली आणि रोज सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी तीनच गोष्टी लिहिल्या: दुखणं दहापैकी किती, रात्री किती वेळा जाग आली, नेमकं कुठे दुखतं. चहानंतर लिहिलेला आकडा चालत नाही. तोवर दुखणं ओसरलेलं असतं. रोजच्या आकड्यावरून काही ठरवायचं नाही, आठवड्याची सरासरी काढायची. आणि गादीच्या परीक्षेच्या काळात व्यायाम, गोळ्या, उशी यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिल्या आठवड्यात सरासरी ५, काहीच फरक नाही. इथेच लोक घाबरून परतीचा फोन करतात. नऊ वर्षांच्या खड्ड्याची सवय झालेल्या अंगाला सपाट पृष्ठभाग काही दिवस परका वाटतो. तीन-चार आठवडे द्यायला हवेत, विक्रेत्यांची किमान रात्रींची अट त्यासाठीच असते. मात्र पहिल्या आठवड्यातच दुखणं पायात उतरायला लागलं किंवा रोज चढत गेलं तर थांबू नये.

दुसऱ्या आठवड्यात कंबर ४ वर आली, पण मान आखडायला लागली. वहीत "कुठे" हा रकाना होता म्हणून हे दिसलं. टिकल्यांचा फोटो पुन्हा काढला. खालच्या तीन टिकल्या सरळ, मानेची टिकली वर उचललेली. दोष उशीचा होता. काथ्यावर खांदा वरच राहायचा, म्हणून पाच इंची उशी बरोबर बसायची. लेटेक्समध्ये खांदा आत गेला आणि तीच उशी उंच ठरली. अभ्रा काढून, उशीची शिवण उसवून दोन मुठी कापूस काढला. चार दिवसांत मान मोकळी. गादी बदलली की उशी तपासावीच लागते, आणि ती न तपासल्यामुळे चांगल्या गाद्या परत जातात.

चौथ्या आठवड्यात दोन गुडघ्यांमध्ये पातळ उशी घेतली. कुशीवर वरचा पाय पुढे पडून कंबरेला पीळ देतो, तो थांबला. पाचव्या-सहाव्या आठवड्याची सरासरी ३, रात्रीची जाग तीन वेळांवरून एकवर. त्यानंतर आकडा ३ लाच थांबला.

साठाव्या दिवशी निर्णय घेतला. मुदत शंभर रात्रींची होती, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलं की फोन, पडताळणी आणि गाडीची वाट यांत मुदत निघून जाते. कसोटी आधीच ठरलेली होती: पलंग दुरुस्तीनंतरच्या ५ वरून निदान दोन अंकांची घट. दहाच्या मापावर दोन अंकांची घट झाली की माणसाला ती खरोखर जाणवते, एका अंकाचा फरक रोजच्या चढउतारात हरवतो. ५ वरून ३, म्हणून गादी ठेवली.

आकडे हलले नसते तर बाकीच्या खुणा काय बदलायचं ते सांगत होत्या. दुखणं कमरेच्या मध्यभागी आणि चौथी टिकली खाली असती, तर बदली गादी एक पायरी कडक मागायची. खांदा-खुबा ठणकत असता, हाताला मुंग्या येत असत्या, तर एक पायरी मऊ. टिकल्या सरळ, झोप शांत आणि तरी दुखणं तेवढंच असतं, तर तिसरी गादी आणण्यात अर्थ नव्हता. तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडे जायचं.

संध्याकाळचं दुखणं मात्र साठ दिवसांत तसूभर कमी झालं नाही. ते पाच तास फळ्यासमोर उभं राहण्याचं आहे, त्याला गादी काही करू शकत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले व्यायाम चालूच आहेत.

गादी ठेवायची ठरल्यावर मुलीने पुन्हा सुतळी ताणली. बाईंच्या जागी अंतर ३ मिलिमीटर आलं. ते तारखेसह बिलाच्या मागे लिहिलं, फोटो काढला. वॉरंटीत खड्डा ठरावीक खोलीचा झाला तरच दावा मानतात, आणि "आधी किती होता" याचा पुरावा मागतात. दर तीन महिन्यांनी गादीचं डोकं-पाय फिरवायचं, तेव्हा पुन्हा मोजायचं. बिलामागे पुढच्या चार तारखा आखून ठेवल्या आहेत, त्यांच्यासमोरच्या जागा कोऱ्या.